बदली आदेशातून रुजू होण्याची तारीख, सवलती आणि हक्क यांची कामाची यादी कशी काढावी

बदलीचा आदेश हाती पडला की बहुतेक कर्मचारी त्यात एक तारीख आणि एक रक्कम शोधतात, त्या दोन्ही कुठेतरी टिपून ठेवतात आणि सामान बांधायला लागतात. त्यातली तारीख पुष्कळदा हजर होण्याचा दिवस नसतो, तर ती हजर होण्याची कमाल मुदत असते. रक्कम ही सरसकट मिळणारी रक्कम नसते, ती एखादी अट पूर्ण झाल्यावर देय होणारी किंवा एखाद्या मर्यादेपर्यंत परत मिळणारी असते. या दोन गैरसमजांमुळे गैरहजेरीचे दिवस लागतात आणि दावे नाकारले जातात. म्हणून या लेखात आदेशाचे वाचन आणि त्यातून यादी काढण्याचा क्रम एका नमुना आदेशाच्या आधारे दाखवला आहे.

आदेशात सरळ तारखा थोड्या असतात आणि बाकीच्या मुदती घटनांना बांधलेल्या असतात, ही गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्यावी. "रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत" किंवा "प्रवास पूर्ण झाल्यापासून साठ दिवसांत" अशी वाक्ये वाचताच कॅलेंडर उघडून तारीख लिहून टाकणे चूक आहे, कारण ती घटना त्या वेळी घडलेली नसते. आधी घटना शोधायच्या, मग मुदती त्यांना जोडायच्या आणि तारखा सर्वांत शेवटी भरायच्या.

## पूर्वतयारी: काय समोर हवे

आदेशाची पूर्ण प्रत घ्यावी. केवळ पहिल्या पानाचे छायाचित्र घेऊन काम सुरू करू नये, कारण हक्कांच्या अटी बहुधा शेवटच्या परिच्छेदांत आणि परिशिष्टांत असतात. आदेशाच्या वरच्या भागात "संदर्भ" म्हणून ज्या परिपत्रकांचे किंवा नियमांचे क्रमांक दिलेले असतात, त्यांच्या प्रतीही मिळवाव्यात. "नियमानुसार अनुज्ञेय" या दोन शब्दांत आदेश जे गुंडाळतो, ते याच कागदांत उलगडलेले असते.

त्याशिवाय चालू महिन्याचे वेतनपत्र, कुटुंबातील सदस्यांची कार्यालयात नोंदलेली यादी आणि नव्या कार्यालयाची सुट्ट्यांची यादी जवळ असावी. जुन्या कार्यालयाची सुट्ट्यांची यादी इथे उपयोगाची नाही. रुजू होण्याचा दिवस कामकाजाचा आहे की नाही, हे नव्या ठिकाणच्या यादीवरून ठरते, आणि दोन शहरांतील सुट्ट्या वेगळ्या असू शकतात.

तपासणी: आदेशाच्या मजकुरात जितक्या परिशिष्टांचा उल्लेख आहे, तितकी परिशिष्टे प्रतीला जोडलेली आहेत का, हे मोजून पाहावे. एखादे कमी असल्यास ते मागवेपर्यंत त्या बाबीसमोर "परिशिष्ट प्रतीक्षित" असे लिहावे आणि सहकाऱ्याच्या जुन्या आदेशातील आकडा तिथे घालू नये.

पुढील सर्व टप्प्यांसाठी खालील काल्पनिक आदेश वापरला आहे. त्यातील आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक संस्थेच्या आदेशात ते निराळे असतील.

> आदेश दिनांक २ जून २०२५
> १. संबंधित कर्मचाऱ्याची बदली प्रशासकीय कारणास्तव करण्यात येत असून त्यांनी २० जून २०२५ रोजी किंवा तत्पूर्वी कार्यमुक्त व्हावे.
> २. अनुज्ञेय पदग्रहण अवधी उपभोगून नव्या कार्यालयात रुजू व्हावे. कोणत्याही परिस्थितीत ७ जुलै २०२५ नंतर रुजू होता येणार नाही.
> ३. पदग्रहण अवधी १० दिवसांचा राहील. कार्यमुक्ती मध्यान्हपूर्व असल्यास तो त्याच दिवसापासून आणि मध्यान्हानंतर असल्यास दुसऱ्या दिवसापासून मोजला जाईल. अवधी संपल्यानंतरचा दिवस सुट्टीचा असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी रुजू व्हावे.
> ४. बदली अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के, निवास प्रत्यक्ष बदलल्यानंतर देय.
> ५. घरसामान वाहतूक: प्रत्यक्ष खर्च किंवा परिशिष्ट ब मधील मर्यादा, यांपैकी जे कमी असेल ते.
> ६. कर्मचारी व कुटुंबीयांचा प्रवासखर्च दर्जानुसार. कुटुंबीयांनी रुजू दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत प्रवास करावा.
> ७. तात्पुरता निवास: रुजू दिनांकापासून १५ दिवस किंवा निवासस्थान उपलब्ध होईपर्यंत, जे आधी घडेल ते.
> ८. अग्रिम घेतल्यास त्याचे समायोजन रुजू दिनांकापासून ३० दिवसांत करावे. अन्य दावे संबंधित प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत सादर करावेत.
> ९. रुजू दिनांकापासून एक वर्षाच्या आत राजीनामा दिल्यास वरील लाभांची वसुली करण्यात येईल.

## टप्पा १: बदलीचा प्रकार आधी ठरवा

तारखांकडे जाण्यापूर्वी बदली प्रशासकीय आहे की कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या विनंतीवरून झालेली आहे, हे शोधावे. एकाच नमुन्यात छापलेल्या दोन आदेशांत फक्त "प्रशासकीय कारणास्तव" आणि "विनंतीनुसार" एवढाच फरक असतो आणि अनेक संस्थांत तेवढ्याने पुढचे सगळे लाभ बदलतात. विनंतीवरून झालेल्या बदलीत पदग्रहण अवधी, म्हणजे कार्यमुक्ती आणि रुजू होणे यांच्यामधले मंजूर दिवस, तसेच अनुदान किंवा वाहतूक खर्च मिळत नाही, अशी तरतूद पुष्कळ ठिकाणी असते. अनेक कर्मचाऱ्यांच्या एकत्रित आदेशात तर हा तपशील मुख्य मजकुरात नसून तक्त्याच्या शेवटच्या "शेरा" रकान्यात असतो, आणि तो रकाना कोणी वाचत नाही.

नमुना आदेशात परिच्छेद १ मध्ये "प्रशासकीय कारणास्तव" असे स्पष्ट आहे. यादीच्या पहिल्या ओळीत हा शब्दप्रयोग जसाच्या तसा, परिच्छेद क्रमांकासह उतरवावा. पुढे एखादा दावा अडला तर याच ओळीवर बोट ठेवावे लागते.

सावधान: कर्मचाऱ्याने पूर्वी कधी विनंती अर्ज दिलेला असेल आणि आता प्रशासकीय बदली त्याच शहरात झाली असेल, तर लेखा विभाग ती विनंती बदली समजण्याचा संभव आहे. आदेशात प्रकार लिहिलेलाच नसेल, तर कार्यमुक्त होण्यापूर्वी लेखी खुलासा घ्यावा, कारण जुने कार्यालय सोडल्यावर या प्रश्नाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

## टप्पा २: घटनांची यादी काढा, तारखा अजून लिहू नका

आता आदेश पहिल्या ओळीपासून वाचून ज्या ज्या घटनेपासून काहीतरी मोजले जाते, ती घटना वेगळी काढावी. नमुना आदेशात अशा पाच घटना सापडतात: कार्यमुक्ती, रुजू होणे, स्वतःचा प्रवास पूर्ण होणे, कुटुंबाचा प्रवास पूर्ण होणे आणि निवास प्रत्यक्ष बदलणे. आदेशाची तारीख, म्हणजे २ जून, यांत येत नाही, कारण या आदेशातील एकही मुदत तिच्यापासून मोजलेली नाही. तरीही ती कागदावर सर्वांत ठळक छापलेली असल्यामुळे लोक मुदती तिच्यापासूनच मोजू लागतात.

प्रत्येक घटनेसमोर तिचा पुरावा कोणता कागद ठरेल, हे लिहावे. कार्यमुक्तीसाठी कार्यमुक्ती आदेश, रुजू होण्यासाठी स्वीकृतीचा शिक्का असलेला रुजू अहवाल, प्रवासासाठी तिकीट, निवास बदलण्यासाठी भाडेकरार किंवा ताबापत्र. ज्या घटनेचा पुरावा सुचत नाही ती बहुधा नीट समजलेली नसते, आणि तिचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

घटना आणि मुदत यांच्यामधला शब्दही तसाच उतरवावा. "रुजू दिनांकापासून" आणि "रुजू दिनांकानंतर" यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. "दिवस" आणि "कामकाजाचे दिवस" यांत तर आठवड्याचा फरक पडतो. आपल्या शब्दांत सारांश लिहिण्याची सवय इथे नडते.

## टप्पा ३: रुजू होण्याची तारीख काढा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा. नमुना आदेशात दोन तारखा छापलेल्या आहेत, २० जून आणि ७ जुलै, आणि दोन्ही कमाल मर्यादा आहेत. खरी रुजू तारीख कुठेच छापलेली नाही, ती मोजून काढावी लागते.

समजा, कर्मचारी शुक्रवार २० जून २०२५ रोजी मध्यान्हानंतर कार्यमुक्त झाला. परिच्छेद ३ प्रमाणे मोजणी दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २१ जूनपासून सुरू होते. दहा दिवस ३० जून रोजी संपतात, आणि पुढचा दिवस, मंगळवार १ जुलै, हा रुजू होण्याचा दिवस ठरतो. तोच कर्मचारी २० जूनला सकाळीच कार्यमुक्त झाला असता, तर २० जून हाच पहिला दिवस धरला गेला असता, अवधी २९ जूनला संपला असता आणि सोमवार ३० जूनला हजर व्हावे लागले असते. कार्यमुक्ती आदेशावरील एका शब्दाने एक दिवस जातो, म्हणून तो आदेश हातात घेताना "मध्यान्हपूर्व" की "मध्यान्हानंतर" हे तिथल्या तिथे पाहावे.

आता सुट्टीचा प्रसंग घेऊ. बुधवार १८ जूनला मध्यान्हानंतर कार्यमुक्ती झाली, तर दहा दिवस शनिवार २८ जूनला संपतात आणि पुढचा दिवस रविवार येतो. त्यामुळे परिच्छेद ३ मधील शेवटच्या वाक्यानुसार सोमवार ३० जूनला रुजू व्हायचे. मधल्या रविवारांमुळे मात्र काहीच वाढत नाही, कारण आदेशात नुसते "दिवस" म्हटले आहे. मधल्या सुट्ट्या वगळून मोजणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

मग ७ जुलैचे काय? पदग्रहण अवधीच्या जोडीला रजा मंजूर झाली किंवा कार्यमुक्तीच लांबली, तरी ज्या दिवसापलीकडे जाता येत नाही, तो हा दिवस. १ जुलैला रुजू व्हायचे असलेला कर्मचारी "आदेशात ७ जुलै आहे" असे म्हणून ७ जुलैला गेला, तर १ ते ६ जुलै हे सहा दिवस मंजूर रजेशिवायची अनुपस्थिती ठरू शकतात.

यादी स्प्रेडशीटमध्ये करत असल्यास कार्यमुक्तीची तारीख `B2` मध्ये ठेवून मध्यान्हानंतरच्या कार्यमुक्तीसाठी खालील सूत्र वापरता येते:

```
=WORKDAY(B2+10,1)
```

मध्यान्हपूर्व कार्यमुक्ती असल्यास `B2+9` लिहावे. हे सूत्र शनिवार आणि रविवार या दोन्ही दिवसांना सुट्टी धरते, आणि इतर सुट्ट्या त्याला आपोआप कळत नाहीत. नव्या कार्यालयात शनिवारी काम चालत असेल किंवा त्या सुमारास एखादी सुट्टी येत असेल, तर तारीख हाताने मोजूनच घ्यावी.

तपासणी: काढलेली तारीख ७ जुलैच्या आत आहे का? ती नव्या कार्यालयाचा कामकाजाचा दिवस आहे का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ती यादीत भरावी, आणि शेजारी "२० जून मध्यान्हानंतर + १० दिवस, परिच्छेद ३" अशी मोजणी लिहावी. तारीख कशी आली हे न लिहिलेली यादी, कार्यमुक्ती एक दिवस पुढे गेली की पुन्हा शून्यापासून करावी लागते.

## टप्पा ४: प्रत्येक हक्क पाच प्रश्नांतून काढा

परिच्छेद ४ पासून पुढे हक्क सुरू होतात. प्रत्येक हक्काला पाच प्रश्न विचारावेत: काय मिळते, कोणत्या अटीवर, कुठल्या मर्यादेपर्यंत, कोणत्या पुराव्यावर, आणि कोणत्या घटनेपासून किती दिवसांत मागायचे. उत्तर आदेशात नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा पुढच्या टप्प्याचे काम दाखवते. अंदाजाने भरलेली जागा ते झाकून टाकते.

बदली अनुदान. "मूळ वेतनाच्या ८० टक्के" हे वाचून हिशेब लगेच होतो, पण अट "निवास प्रत्यक्ष बदलल्यानंतर" अशी आहे. म्हणजे रुजू होताच दावा केला आणि अजून तात्पुरत्या निवासातच मुक्काम असेल, तर तो परत येईल. आधार मूळ वेतन हा आहे, एकूण वेतन नाही, आणि कोणत्या महिन्याचे मूळ वेतन हे या आदेशात दिलेले नाही. कर्मचाऱ्याची वेतनवाढ १ जुलैला येत असेल, तर हा प्रश्न पैशांचा होतो. मुदतीचा रकानाही अवघड आहे, कारण परिच्छेद ८ मधील साठ दिवस "संबंधित प्रवास" धरून आहेत आणि अनुदान कोणत्याच प्रवासाला जोडलेले नाही. यादीत ही जागा रिकामी राहील.

घरसामान वाहतूक. "यांपैकी जे कमी असेल ते" या शब्दांचा अर्थ असा, की मर्यादा ही मिळणारी रक्कम नाही. खर्च मर्यादेपेक्षा कमी झाला तर खर्चाएवढेच मिळते आणि जास्त झाला तर फरक स्वतः सोसावा लागतो. परिशिष्टातील मर्यादा वजनावर, अंतरावर, वाहनाच्या प्रकारावर की या सर्वांवर आहे, हे पाहून तेच घटक वाहतूकदाराच्या पावतीत येतील अशी व्यवस्था गाडी ठरवतानाच करावी. वजनावर मर्यादा असेल आणि पावतीवर वजनच नसेल, तर लेखा विभागाला मर्यादा लावून पाहता येत नाही. सामान पोहोचल्यावर जुन्या तारखेची सुधारित पावती मागणे अडचणीचे असते आणि ती संशयास्पद दिसते. पावती कर्मचाऱ्याच्या नावाने असावी, तिच्यावर कुठून कुठे हे असावे, आणि पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. सामान दोन खेपांत गेले तर दोन्ही खेपा मिळून एकच मर्यादा लागते, असे धरून चालावे.

कुटुंबाचा प्रवास. सहा महिने रुजू दिनांकापासून आहेत. १ जुलै २०२५ पासून मोजले तर ३१ डिसेंबर २०२५ ही सुरक्षित शेवटची तारीख येते. `B3` मध्ये रुजू दिनांक असेल तर `=EDATE(B3,6)-1` हे सूत्र तीच तारीख देते. १ जानेवारीही चालेल असा वाद घालता येईल, पण यादीत वादाची तारीख ठेवू नये. कार्यालयात नोंदलेल्या कुटुंबीयांच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे तिकीट मंजूर होणे कठीण आहे. म्हणून "नाव नोंदले आहे का" ही स्वतंत्र ओळ घालावी आणि ती कार्यमुक्तीपूर्वीच्या कामांत ठेवावी.

दाव्याची मुदत मात्र "संबंधित प्रवास" पूर्ण झाल्यापासून आहे, आणि त्यामुळे ती प्रत्येक प्रवासाला वेगळी लागते. कर्मचारी २९ जूनला नव्या शहरात पोहोचला तर त्याच्या स्वतःच्या दाव्याचे साठ दिवस २८ ऑगस्टला संपतात. कुटुंब मुलांच्या शाळेसाठी थांबून १२ ऑक्टोबरला पोहोचले, तर त्यांच्या दाव्याची मुदत ११ डिसेंबर. "सगळे एकदमच देऊ" म्हणून स्वतःचा दावा कुटुंब येईपर्यंत ठेवला की तो मुदतबाह्य होतो. बदलीच्या प्रकरणांत हक्काचे पैसे बुडण्याचे याहून नेहमीचे कारण माझ्या पाहण्यात नाही.

तात्पुरता निवास. इथे दोन टोके आहेत, १५ दिवस आणि निवासस्थान मिळणे, आणि यांपैकी जे आधी येईल ते लागू होते. १ जुलैपासून मोजले तर १५ जुलै ही बाहेरची सीमा. ९ जुलैला घर मिळाले तर हक्क तिथेच संपतो. या परिच्छेदात एक फट आहे, आणि ती तारखा मांडल्याशिवाय दिसत नाही. कर्मचारी २९ जूनला पोहोचतो आणि रुजू १ जुलैला होतो. २९ आणि ३० जूनच्या दोन रात्री "रुजू दिनांकापासून" या शब्दांच्या बाहेर राहतात. त्या स्वखर्चाच्या धरून प्रवास एक दिवस पुढे न्यायचा की आधी परवानगी मागायची, हे तिकीट काढण्यापूर्वी ठरवावे.

अग्रिम. अग्रिम हा हक्क म्हणून यादीत घातला जातो आणि त्याची परतफेडीची बाजू विसरली जाते. त्याच्या दोन ओळी कराव्यात: एक मागणीची, जी कार्यमुक्तीपूर्वी येते, आणि दुसरी समायोजनाची, जी या उदाहरणात ३० जुलैला संपते. कुटुंबाच्या ऑक्टोबरमधील प्रवासासाठी अग्रिम आत्ताच घेतला, तर समायोजनाची तारीख प्रवासाच्या कितीतरी आधी येते. अशा वेळी कुटुंबाच्या भागाचा अग्रिम घेऊच नये, किंवा घेतलाच असेल तर तो भाग ३० जुलैपर्यंत परत भरावा.

वसुलीची अट. परिच्छेद ९ लाभ देत नाही, तरीही तो यादीत हवा. "३० जून २०२६ पर्यंत राजीनामा दिल्यास वसुली" ही ओळ सर्व मूळ पावत्यांच्या प्रती त्या तारखेपर्यंत सांभाळण्याचे कारणही आहे.

तपासणी: आदेशातील प्रत्येक परिच्छेद यादीत किमान एका ओळीत आला आहे का, हे परिच्छेद क्रमांकावर खूण करत पाहावे. ज्या परिच्छेदावर खूण नाही तो निरुपयोगी आहे असे समजण्यापूर्वी पुन्हा वाचावा.

## टप्पा ५: रिकाम्या जागांसाठी लेखी विचारणा

चौथ्या टप्प्यानंतर ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्यांचे प्रश्न एका पत्रात किंवा ईमेलमध्ये एकत्र करून आस्थापना विभागाला पाठवावेत. नमुना आदेशातून चार प्रश्न निघतात. अनुदानासाठी कोणत्या तारखेचे मूळ वेतन धरायचे? अनुदानाच्या आणि तात्पुरत्या निवासाच्या दाव्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? निवासस्थान "उपलब्ध" झाले म्हणजे वाटपपत्र मिळाले की ताबा मिळाला? आणि रुजू होण्यापूर्वीच्या दोन रात्रींचा निवासखर्च मान्य होईल का?

प्रश्न परिच्छेद क्रमांक देऊन आणि हो-नाही किंवा एका तारखेत उत्तर देता येईल असा विचारावा. "मला काय काय मिळेल ते कळवावे" या पत्राला "नियमानुसार देय राहील" हेच उत्तर येते. फोनवर मिळालेले उत्तर यादीत "तोंडी, लेखी पुष्टी बाकी" असे लिहावे. लेखी उत्तर येईपर्यंत खर्च कमी अनुकूल अर्थ धरून करावा. म्हणजे वाटपपत्र मिळताच तात्पुरता निवास संपतो, असे समजून.

सावधान: ही विचारणा कार्यमुक्तीच्या किमान आठवडाभर आधी जायला हवी. रुजू झाल्यानंतर जुने कार्यालय नव्याकडे आणि नवे जुन्याकडे बोट दाखवते.

## टप्पा ६: यादी कृतीच्या क्रमाने लावा

आतापर्यंतची मांडणी आदेशाच्या क्रमाने झाली. ती तशीच कर्मचाऱ्याच्या हाती दिली तर तो पहिल्या आठवड्यानंतर ती उघडणार नाही, कारण सप्टेंबरचे काम आणि उद्याचे काम शेजारी शेजारी असते. आता ओळी कृतीच्या तारखेने लावाव्यात. मुदतीची तारीख आणि कृतीची तारीख वेगळी ठेवावी: २८ ऑगस्टला संपणाऱ्या दाव्याची कृती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात असावी, म्हणजे त्रुटी निघाल्यास तो परत दाखल करायला वेळ उरतो.

नमुना कर्मचाऱ्याची यादी अशी दिसेल:

२० जूनपूर्वी
- बदलीचा प्रकार "प्रशासकीय" असल्याची खात्री (परिच्छेद १)
- परिशिष्ट ब ची प्रत आणि चार प्रश्नांची लेखी विचारणा
- कुटुंबीयांच्या नोंदीची तपासणी आणि आवश्यक ती भर (परिच्छेद ६)
- अग्रिमाचा अर्ज, फक्त स्वतःच्या प्रवासासाठी व सामानासाठी (परिच्छेद ८)

२० जून
- कार्यमुक्ती आदेश. "मध्यान्हानंतर" हा शब्द पाहून घेणे
- अंतिम वेतन प्रमाणपत्र हातात घेणे, किंवा ते कधी पाठवणार याची लेखी नोंद

२१ जून ते ३० जून
- सामान रवाना. पावतीवर नाव, तारीख, वजन, कुठून कुठे (परिच्छेद ५)
- २९ जूनला पोहोचणे. तिकीट जपून ठेवणे

१ जुलै
- रुजू अहवाल देऊन शिक्का असलेली प्रत परत घेणे

जुलै
- १५ जुलैपर्यंत किंवा घर मिळेपर्यंत निवासाची बिले. त्यांचा दावा विचारणेच्या उत्तरातील मुदतीत (परिच्छेद ७)
- ताबापत्र मिळताच अनुदानाचा दावा (परिच्छेद ४)
- ३० जुलैपर्यंत अग्रिमाचे समायोजन
- स्वतःच्या प्रवासाचा दावा. अंतिम मुदत २८ ऑगस्ट

डिसेंबरपर्यंत
- कुटुंबाचा प्रवास, शेवटची तारीख ३१ डिसेंबर
- त्यांचा दावा, ते पोहोचल्यापासून साठ दिवसांत

३० जून २०२६
- तोपर्यंत सर्व पावत्यांच्या प्रती जतन

अंतिम वेतन प्रमाणपत्र आदेशात कुठेही नाही, तरी ते यादीत आले आहे. नव्या कार्यालयाला पुढील वेतन कुठल्या दिवसापासून आणि कोणत्या कपातींसह काढायचे, हे त्याच कागदावरून कळते. ते न आल्याने पहिला पगार अडतो, त्यामुळे आदेशाबाहेरची ही एक ओळ घालण्यास माझी हरकत नाही. याहून अधिक आदेशाबाहेरच्या गोष्टी, म्हणजे शाळेचा दाखला किंवा गॅसजोडणी, या यादीत मिसळू नयेत. त्यांची यादी वेगळी करावी, नाहीतर मुदतीच्या ओळी त्या गर्दीत दिसेनाशा होतात.

## टप्पा ७: रुजू झाल्यावर पुन्हा मोजा

रुजू झाल्याच्या दिवशीच यादी पुन्हा उघडून सगळ्या तारखा प्रत्यक्ष घटनांवरून मोजाव्यात. कर्मचारी १ जुलैऐवजी २७ जूनलाच रुजू झाला असेल, तर कुटुंबाच्या प्रवासाची मुदत २६ डिसेंबर, अग्रिमाची २६ जुलै आणि वसुलीची २६ जून २०२६ होते. जुन्या तारखा तशाच राहिल्या तर शेवटच्या चार-पाच दिवसांत दिलेला प्रत्येक दावा मुदतीबाहेर जातो, आणि यादी हाताशी होती हे सांगून उपयोग नसतो.

मधल्या काळात आदेशात दुरुस्ती किंवा मुदतवाढ आली, तर जुनी ओळ पुसू नये. तिच्याखाली नवा आदेश क्रमांक, त्याची तारीख आणि बदललेला शब्द लिहावा. मुदतवाढ नेमकी कशाला मिळाली हेही पाहावे: "कार्यमुक्तीस ३० जूनपर्यंत मुदतवाढ" मिळाली आणि ७ जुलैचा उल्लेख नव्या आदेशात नसेल, तर ती कमाल मुदत कायम आहे. ३० जूनला मध्यान्हानंतर कार्यमुक्त झालेल्या कर्मचाऱ्याचे दहा दिवस १० जुलैला संपतात आणि रुजू होण्याचा दिवस ११ जुलै येतो, म्हणजे परिच्छेद २ आणि ३ एकमेकांविरुद्ध जातात. हे जुने कार्यालय सोडण्यापूर्वीच लेखी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत यादीत सोमवार ७ जुलै हीच तारीख ठेवावी.